चारशे मीटरवरचा नळ आणि आईची मान

प्रश्न: ताई, आमच्या घरापासून नळ चारशे मीटरवर आहे, रोडच्या पलीकडे. आई पहाटे चारला उठते, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चार खेपा मारते. आता तिची मान दुखते, हाताला मुंग्या येतात. बहीण सातवीत आहे, तीपण कॅन घेऊन जाते आणि मग वर्गात झोपते. आम्ही नळ मागायला गेलो तर साहेब म्हणाले, पाचशे मीटरच्या आत पाणी आहे म्हणजे तुम्हाला पाणी आहेच. हे त्यांना पटवायचं कसं? आणि आईच्या मानेचं काय करू?

उत्तर:

आधी मानेचं बघू, नळाचं नंतर. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या ओपीडीत बसते, आणि आठवड्यातून एक दिवस वस्तीत जाते. मान, खांदा, कंबर धरून येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न हाच विचारते की घरात पाणी कोण भरतं.

आज संध्याकाळी आईजवळ निवांत बस आणि विचार. मुंग्या एका हाताला येतात की दोन्ही? ब्लाऊजची हुकं लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, चपाती लाटताना लाटणं किंवा कप हातातून सुटतो का, चालताना झोक जातो का, पाय जड पडतात का, लघवी एकदम लागते किंवा लागलेली कळत नाही असं होतं का. यातलं काहीही असेल, किंवा मुंग्या दोन्ही हातांना असतील आणि बोटं नीट चालत नसतील, तर मणक्यातल्या मुख्य मज्जारज्जूवर दाब असू शकतो. मग थांबायचं नाही, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात हाडांच्या किंवा मेंदू-मणक्याच्या विभागात दाखवायचं, आणि त्या दिवसापासून डोक्यावर काहीही घ्यायचं नाही. मुंग्या एकाच हाताला आणि ठरावीक बोटांत असतील, मानेतून खांद्यावरून कळ उतरत असेल, तर बहुतेक एक नस दाबली जातेय. वजन थांबवलं तर बऱ्याच जणींना काही आठवड्यांत आराम पडतो, पण तपासून घ्यावंच लागतं. आणि नुसती मान-खांदा जड होत असेल तर स्नायूंचा थकवा असतो, त्याला व्यायाम आहेत. एक मात्र कृपा करून करू नका, मान कडकड मोडून देणाऱ्याकडे नेऊ नका. नस दाबलेली असताना असा झटका दिला तर होतं तेही बिघडू शकतं.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण आईला समजलं तर ती ऐकेल. आपलं डोकं साधारण चार-पाच किलोचं असतं आणि मानेचे मणके तेवढं वजन पेलायला बनलेत. पंधरा लिटरचा भरलेला हंडा भांड्यासकट सोळा-सतरा किलो होतो, म्हणजे डोक्याच्या तिपटीहून जास्त वजन त्याच सात मणक्यांवर सरळ खाली दाबतं. शिवाय हंड्यातलं पाणी हलतं, ते सांडू नये म्हणून बाई मान अजिबात हलवत नाही, सगळे छोटे स्नायू आठ-दहा मिनिटं ताठ धरून ठेवते. चुंबळ ठेवल्याने टाळूला टोचत नाही आणि हंडा स्थिर राहतो एवढंच, मणक्यावरचा भार त्याने एका ग्रॅमने कमी होत नाही. आणि सगळ्यात वाईट क्षण चालण्याचा नसतोच, उचलण्याचा आणि उतरवण्याचा असतो. जमिनीवरचा हंडा आधी मांडीवर, मग छातीशी, मग अंग मागे टाकून डोक्यावर, आणि हे करताना कमरेला पीळ पडतो. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या प्रत्येक बाईची मान बिघडतेच असं मी म्हणणार नाही, पण डोक्यावर वजन नेणाऱ्यांत मान-पाठीच्या तक्रारी जास्त दिसतात हे अभ्यासातही आलंय आणि मी रोज बघते.

आता साहेबांचं बोलणं. पाचशे मीटरच्या आत पाणी आहे म्हणजे पाणी आहे, यात चूक अशी की त्यांनी लांबी मोजली आणि तुमची आई वेळ आणि वजन भरतेय. जगभर पाण्याची सोय मोजताना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जी पद्धत वापरतात तीसुद्धा अंतराची नाही. तिथं प्रश्न असा असतो की घरातून निघून, रांगेत थांबून, पाणी घेऊन परत यायला एका खेपेला किती मिनिटं लागतात. तीस मिनिटांच्या आत असेल तर प्राथमिक सोय आहे असं धरतात, तीसच्या वर गेलं तर पाणी कितीही शुद्ध असो, सोय मर्यादित या खालच्या पायरीवर जाते. यात रांगेचा वेळ धरलेला आहे हे नीट लक्षात ठेव, तुमचा सगळा मुद्दा तिथंच आहे.

एक केस सांगते म्हणजे मोजायचं कसं ते कळेल. मानखुर्दच्या एका वस्तीतल्या मावशी मानेसाठी माझ्याकडे यायच्या, वय बेचाळीस, वजन बावन्न किलो. व्यायाम शिकवले, दोन आठवडे बरं वाटायचं, परत तेच. मग मीच म्हटलं, मावशी, एकदा पहाटे मी तुमच्याबरोबर येते. त्यांचं घर सहा माणसांचं, नळ चारशे मीटरवर, म्हणजे तुमच्यासारखंच. नळकोंडाळ्यावर दोन नळ आणि त्यावर अठ्ठावीस घरं. मी मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावून मागे चालत राहिले.

४:१० ला निघालो. रिकामी भांडी घेऊन नळापर्यंत सहा मिनिटं. तिथं आधीच भांड्यांची लाईन होती, बायका भांडी लावून कडेला उकिडव्या बसलेल्या, काही जणी बसल्याबसल्या झोपलेल्या. पाणी साडेचारला सुटतं असं सगळ्या म्हणत होत्या, त्या दिवशी ४:४० झाले तरी नळातून नुसती हवा येत होती. पाणी आलं, नंबर लागला तोपर्यंत मावशींना ३५ मिनिटं झाली होती. हंडा पंधरा लिटरचा, कळशी आठ लिटरची, दोन्ही भरायला तीन मिनिटं. शेजारणीने हंडा उचलून दिला, कळशी कमरेवर घेतली आणि निघाल्या. परतीला आठ मिनिटं, रोड ओलांडायला थांबावं लागतं ते धरून. म्हणजे पहिली खेप ५२ मिनिटांची. पुढच्या तीन खेपांना नंबर परत मागून लावायचा, कारण एका वेळी दोनच भांडी असा तिथं बायकांनी स्वतःच केलेला नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे, नाहीतर भांडणं होतात. त्या खेपांना रांग साधारण वीस मिनिटं, म्हणजे प्रत्येक खेप ३७ मिनिटांची. चार खेपा मिळून १६३ मिनिटं, पावणेतीन तास. आठवड्याला एकोणीस तास. आणि हे सगळं दिवस सुरू व्हायच्या आधी, सातला त्या घरी आल्या, साडेआठला दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला गेल्या.

आता या १६३ मिनिटांचे तुकडे केले की गंमत नाही, पण खरी गोष्ट कळते. चालणं ५६ मिनिटं. भरणं १२ मिनिटं. रांग ९५ मिनिटं. अर्ध्याहून जास्त वेळ रांगेत. मी स्वतः त्या दिवसापर्यंत अंतरालाच धरून बसले होते, आणि वस्तीतल्या लोकांनीही अर्ज नळ जवळ द्या असाच लिहिला होता. पण तोच नळ अर्ध्या अंतरावर आणला असता तर मावशींची २८ मिनिटं वाचली असती. रांग अर्धी झाली असती तर जवळपास ४७. म्हणून आधी मोजायचं आणि मग काय मागायचं ते ठरवायचं. तुमच्याकडे कदाचित उलटं असेल, रांग छोटी आणि चालणंच जास्त असेल, तर मग जवळ नळ हीच मागणी बरोबर.

रांग का लागते तेही त्याच दिवशी मोजलं, आणि हे तूसुद्धा कर, यासाठी शिक्षण लागत नाही. पंधरा लिटरची बादली नळाखाली धर आणि किती सेकंदांत भरते ते बघ. तिथं ७५ सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. पाणी तीन तास असतं. दोन नळ, तीन तास, सलग वाहिले तर ४,३२० लिटर होतात. पण एक भांडं काढून दुसरं लावण्यात, धुण्यात, बोलाचालीत चौथा हिस्सा वेळ जातो, म्हणजे हाताला लागतं ३,२४० लिटर. अठ्ठावीस घरांत वाटलं तर घराला ११६ लिटरच्या आसपास. आणि मावशी चार खेपांत ९२ लिटर आणत होत्या, त्यांची मुलगी बारा लिटरच्या कॅनने दोन खेपांत २४, मिळून बरोबर ११६. म्हणजे ती बाई कितीही धावली असती तरी त्या नळातून तिच्या वाट्याला याहून जास्त येणारच नव्हतं, शेजारणीच्या वाट्याचं घेतल्याशिवाय. सहा माणसांत माणशी एकोणीस लिटर. मुंबईत झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर हा आकडा धरत आलेत आणि इमारतींसाठी १३५. ४५ ने सहा जणांना २७० लिटर लागतील, अठ्ठावीस घरांना साडेसात हजार. ते दोन नळ तीन तासांत त्याच्या निम्मंही देत नव्हते.

हा हिशोब एका कागदावर लिहून नेला तर बोलणं बदलतं. नळ आहे, असं जे उत्तर मिळतं त्याला तू म्हणू शकतोस की हो आहे, पण तो घराला ११६ लिटर देतो आणि एका खेपेला ३७ मिनिटं लागतात, तुम्ही या आणि मोजा. वॉर्डात जलकामे खात्याचे सहाय्यक अभियंता असतात, कागद त्यांच्याकडे द्यायचा आणि शिक्का मारलेली पोच घ्यायची. मागणी नेमकी लिहायची. तुमच्या लाईनचं पाणी कधी येणार आणि किती वेळ राहणार हे व्हॉल्व्हवर ठरतं, पालिकेचे चावीवाले ठरलेल्या वेळी एकेका भागाची चावी फिरवतात, आणि तुम्ही लाईनच्या शेपटाला असाल तर आधीच्या गल्ल्या भरेपर्यंत तुमच्याकडे प्रेशरच पोचत नाही. त्यात मध्ये कोणी मोटर लावून ओढत असेल तर आणखी कमी. म्हणून मागणी वेळ वाढवण्याची, प्रेशर तपासण्याची की जादा कनेक्शनची, हे बादली आणि घड्याळ सांगेल. सुरुवातीला प्रेशर चांगलं आणि तासाभराने धार बारीक होत असेल तर तासातासाने बादली लावून तीही वेळ लिहा. बारा लिटरवरून पाचवर आलेली धार नवीन नळाने सुधारणार नाही, नळ वाढले तर तेवढंच पाणी जास्त तोंडांत वाटलं जाईल.

वस्ती कधीची आहे, जागा कोणाची, हा प्रश्न येईलच. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलंय की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाचं पाणी नाकारता येत नाही, ते जगण्याच्या हक्कात येतं. २०२२ मध्ये पालिकेने सर्वांसाठी पाणी असं धोरणही आणलं. तरी रेल्वे, बंदर, जंगल अशा जागांवर मूळ मालकाच्या ना-हरकतीत फाईल अडकते, त्यामुळे जागा कोणाची हे आधी शोधून ठेवा. कनेक्शन सहसा पाच किंवा जास्त घरांच्या गटाला मिळतं, तेव्हा एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गल्लीतली घरं जोडून करा.

वेळेची वही सात दिवस ठेवा, एका दिवसाची नको, कारण पाणी रोज सारखं येत नाही. आणि त्या वहीत घरातल्या प्रत्येकाच्या नावाची ओळ कर. तुझ्या नावाचीही कर. कोण कधी उठलं, किती खेपा, किती वाजता परत. मी हे अनेक घरांत करून घेतलंय, आणि कोणाला बोलावं लागत नाही, आठव्या दिवशी घरातले पुरुष ती वही बघून गप्प बसतात. तू रात्रपाळीला असशील, बाबा थकून येत असतील, मला कल्पना आहे. पण चार खेपांपैकी दोन तू उचलल्या तर आईच्या मानेवरचा भार उद्याच अर्धा होतो, कुठल्याही व्यायामापेक्षा जास्त फरक त्याने पडेल.

बहिणीचं वेगळं सांगायला हवं. मावशींची मुलगी सातवीत होती, वजन चौतीस किलो. तिचा कॅन पाण्यासकट साडेबारा किलो, म्हणजे अंगाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलांच्या पाठीवर वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय, तिच्यासाठी ते साडेतीन किलोच्या आत येतं. तेच मूल शाळेत जाण्याआधी त्याच्या साडेतीनपट वजन हातात घेऊन चारशे मीटर चालून आलेलं असतं, तेही एका बाजूला लटकवून, त्यामुळे पाठ एका अंगाला वाकते. पण तिच्या शाळेचं नुकसान वजनापेक्षा झोपेने होत होतं. दोन खेपा, ८९ मिनिटं, पाणी वेळेवर आलं तर पावणेसहाला घरी आणि सव्वासातच्या शाळेला पोचायची. पाणी तासभर उशिरा सुटलं की त्या दिवशी शाळा गेली. वहीत आम्ही तिच्या गैरहजेरीचे दिवस आणि पाणी सुटायच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या तर महिन्यातल्या सहापैकी पाच गैरहजेऱ्या उशिरा पाण्याच्या दिवशी होत्या. शाळेतल्या बाई तोवर तिला आळशी समजत होत्या, वही बघितल्यावर त्यांनी पहिल्या तासाला उशीर चालवून घेतला आणि एक चिठ्ठीपण लिहून दिली, ती अर्जाला जोडली. तूही बहिणीच्या हजेरीपुस्तकातल्या तारखा मागून घे. पाण्याची ठरलेली वेळ पाळा, ही मागणी कुणाला छोटी वाटेल, पण त्या मुलीसाठी तीच सगळ्यात मोठी होती.

आणखी एक गोष्ट, जी आई तुला सांगणार नाही. मावशी मानेसाठी चौथ्यांदा आल्या तेव्हा पडदा ओढून हळूच म्हणाल्या, ताई, अंग बाहेर येतं. गर्भाशय खाली सरकणं म्हणजे हे. बाळंतपणात ओटीपोटाचे स्नायू सैल झालेले असतात, ते परत घट्ट व्हायला वेळ लागतो, त्यासाठीच सव्वा महिना जपायची आपली रीत आहे. मावशींच्या धाकट्याच्या वेळी सासू गावाला, नवरा कामावर, बाराव्या दिवशी त्या हंडा घेऊन नळावर होत्या. वजन उचलताना पोटात दाब येतो आणि तो सगळा खाली जातो. बाळंतपणं किती झाली, कशी झाली, वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, अशी कारणं असतातच, एकट्या हंड्याला दोष देता येत नाही, पण ओल्या अंगाने रोज पंचवीस किलो उचलणं त्यात भर घालतं. खाली जड वाटणं, संध्याकाळी काहीतरी उतरल्यासारखं होणं, शिंकताना लघवी सुटणं ही लक्षणं. लवकर आली तर ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने बऱ्यापैकी सावरतं, उशीर झाला तर आत बसवायची रिंग किंवा ऑपरेशनपर्यंत जातं. आईला तू विचारू नकोस, तुझ्या मावशीला, आत्याला किंवा वस्तीतल्या आरोग्य सेविकेला विचारायला सांग.

लघवीचं पण तसंच. पाणी भरणाऱ्या बाया स्वतः पाणी कमी पितात. रांगेत दोन तास, जवळ संडास नाही, असला तर अंधारात जायची भीती, म्हणून रात्री आठनंतर घोटच घेत नाहीत आणि सकाळी लागली तरी दाबून धरतात. परत परत जळजळ, ताप, कंबर भरून येणं यातून होतं आणि गोळ्यांनी तात्पुरतं थांबतं. त्यात रक्त कमी असेल तर आणखी दम लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात ५७ जणींना रक्तक्षय निघाला होता. हिमोग्लोबिन आठवर असताना चढावर हंडा घेऊन येणाऱ्या बाईचं छातीत धडधडणं हा हट्टीपणा किंवा टेन्शन नसतं. आईचं हिमोग्लोबिन पालिकेच्या दवाखान्यात तपासून घे, मानेच्या तपासणीबरोबरच होऊन जाईल.

मावशींचं माहेर शहापूर तालुक्यातलं. भातसा, तानसा, मोडक सागर, मुंबईच्या सात तलावांतले मोठे तिकडचेच, आणि तिथल्याच पाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात किंवा टँकरची वाट बघतात. त्या दहा वर्षांच्या असल्यापासून डोक्यावर पाणी आणत होत्या. त्यांचं लग्न मुंबईत ठरलं तेव्हा त्यांची आई म्हणाली होती, तुला नळ मिळणार. एक्स-रेत मणक्यांची झीज बघून डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय, तर त्या म्हणाल्या, आठवतच नाही. दुखण्याचं वय विचारताना माहेरचं पाणीपण विचारायचं असतं हे मी त्यांच्याकडून शिकले.

आता नळ मिळेपर्यंत काय. एक, नळकोंडाळ्याला कमरेएवढा ओटा. जमिनीवरून उचलण्यात जी पाठ मोडते ती ओट्याने वाचते, हंडा ओट्यावरच भरायचा आणि तिथूनच सरळ घ्यायचा, घरी उतरवायलाही तेवढ्याच उंचीचं काहीतरी ठेवायचं. मानखुर्दला घराला शंभर-शंभर रुपये काढून विटा-सिमेंटचा ओटा एका रविवारी झाला. मावशींची उचलताना येणारी कळ महिन्याभरात बरीच कमी झाली, मान मात्र तेवढी नाही, कारण डोक्यावरचं वजन तसंच होतं. दुसरं, डोक्यावरून उतरवून चाकावर आणणं. दोन चाकांच्या ट्रॉलीवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन बांधले तर एका खेपेत जवळपास दुप्पट पाणी येतं आणि मानेवर काहीच येत नाही. पण गल्लीत पायऱ्या, उघडी गटारं असतील तर ट्रॉली अडकते, ती उचलून न्यावी लागली तर कंबरेचं नुकसान जास्त. आधी रिकामी ट्रॉली चालवून बघा, दोन फरशा टाकून रस्ता होत असेल तर टाका. एक नक्की बघितलंय, सायकल किंवा ट्रॉली आली की पाणी आणायला मुलगे आणि नवरेही तयार होतात, हंडा डोक्यावर घ्यायला कोणी होत नाही. रोडवरून ओढायची असेल तर ती पहाटे दिसेल अशी चमकती पट्टी लावा.

काही वस्त्यांत लांब पाइप लावून पाणी घरापर्यंत ओढतात. पाठ वाचते हे खरं, पण पाइप गटारातून गेलेला असेल आणि पाणी थांबल्यावर आत पोकळी होऊन बाहेरची घाण ओढली जात असेल तर सगळ्या गल्लीला जुलाब होतात. पाइप लावायचाच तर गटाराच्या वरून, आणि पहिली बादली पिण्यात घ्यायची नाही.

ट्रॉली होईपर्यंत आईने भांडी छोटी करावीत. पंधराच्या जागी आठ लिटरचं डोक्यावर, दुसरं तू घ्यायचं. खेपा वाढतील हे मला माहीत आहे आणि रांगेमुळे त्या परवडत नाहीत हेही, म्हणूनच दुसरा माणूस लागतो. कळशी रोज एकाच कमरेवर न घेता बाजू बदलायची. हंडा डोक्यावरून एकटीने उतरवायचा नाही, दारात हाक मारायची. बहिणीला पाच लिटरचा कॅन, दोन हातांत वाटून, आणि शाळेच्या दिवशी एकच खेप.

उद्या पहाटे तू आईबरोबर जा. मोबाईल, पंधरा लिटरची बादली आणि वही घेऊन जा. निघालास ती वेळ, नंबर लागला ती वेळ, घरी टेकलास ती वेळ लिही, आणि बादली किती सेकंदांत भरली तेही. घरी आल्यावर भरलेला हंडा वाण्याच्या काट्यावर ठेवून वजन बघ. सात दिवस झाले की आकडे इथे टाक, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन, आणि त्याच्या आधी आईचा हात दाखवून ये.